महिन्याभरात कॅन्सर 'दिसेनासा' होतो, मग अडीच वर्षं औषधं कशाला? लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरची, म्हणजे ए.एल.एल.ची ट्रीटमेंट टप्प्याटप्प्याने

बऱ्याच आईवडलांचा पहिला मोठा गोंधळ होतो तो ट्रीटमेंट सुरू होऊन पाचेक आठवडे झाल्यावर. बोन मॅरोचा रिपोर्ट येतो, डॉक्टर म्हणतात रेमिशन आलं, रक्तात कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत, पोर खायला प्यायला लागलेलं असतं, आणि त्याच वाक्याच्या पुढे डॉक्टर म्हणतात की अजून सव्वादोन वर्षं ट्रीटमेंट आहे. मग घरी फोन जातो, गावाकडून आजी म्हणते अगो बरी झाली ना पोर, मग आता घेऊन ये की, किती त्या सुया टोचणार. मी मुंबईत लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात नर्स होते, रत्नागिरी सिंधुदुर्गातली कितीतरी कुटुंबं तिथे पाहिली, आणि ह्याच जागी काही जण मुलाला घेऊन गावी गेले ते परत आलेच नाहीत, आले ते आजार उलटल्यावर. म्हणून हे सगळे टप्पे का आहेत ते नीट सांगते.

एक चार वर्षांची मुलगी धरू, गुहागरकडची, तिला आपण छकुली म्हणू. छकुली खरी कोणी नाही पण तिच्यासारख्या खूप असतात. महिनाभर अधूनमधून ताप, पाय दुखतात म्हणून रात्री रडते, चेहरा पांढरा पडलेला, पायावर निळे डाग. गावच्या डॉक्टरांनी सीबीसी केली, हिमोग्लोबिन ६, प्लेटलेट २२ हजार, पांढऱ्या पेशी १८ हजार आणि लॅबवाल्याने लिहिलं की ब्लास्ट दिसतायत. ब्लास्ट म्हणजे वाढ अर्धवट राहिलेल्या पांढऱ्या पेशी, त्या हाडाच्या आतल्या मगजात म्हणजे बोन मॅरोत भरमसाट वाढतात आणि चांगल्या पेशींना जागाच ठेवत नाहीत. म्हणून अशक्तपणा, म्हणून डाग, म्हणून ताप. मुंबईत बोन मॅरो, मग फ्लो सायटोमेट्री आणि जनुकांच्या टेस्ट होतात आणि निदान येतं, बी सेल ए.एल.एल. मुलांमधला हा सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर आहे आणि साधारण २ ते ५ वर्षांच्या मुलांत जास्त दिसतो. आईने काय खाल्लं, मुलाला काय दिलं, कोणाची नजर लागली, ह्यातल्या कशानेही तो होत नाही.

वय १ ते १० च्या मधलं आणि सुरुवातीच्या पांढऱ्या पेशी ५० हजारांच्या खाली असतील तर साधारणपणे मूल कमी धोक्याच्या गटात सुरू होतं. टी सेल प्रकार असेल, किंवा काही जनुकांचे बदल सापडले तर ट्रीटमेंट जास्त कडक होते. त्यातला फिलाडेल्फिया क्रोमोसोम नावाचा बदल सापडला तर इमॅटिनिबसारखी गोळी सोबत जोडतात. म्हणून शेजारच्या बेडवरच्या मुलाची फाइल बघून आपल्या मुलाची तुलना करू नका, त्याच आजाराचं नाव असलं तरी रोडमॅप वेगळा असू शकतो.

आता तो मुख्य हिशोब. निदान होतं तेव्हा अंगात साधारण लाख कोटी कॅन्सरच्या पेशी असतात असा अंदाज असतो. इंडक्शन म्हणजे पहिला टप्पा, ४ ते ५ आठवड्यांचा. त्याचं काम एकच, हा आकडा जितका पाडता येईल तितका पाडायचा. छकुलीला रोज स्टिरॉइड, आठवड्यातून एकदा विनक्रिस्टीन शिरेतून, ठरलेल्या दिवशी अ‍ॅस्पॅरॅजिनेज, आणि पाठीच्या मणक्यातून मेथोट्रेक्सेट. काहींना लाल औषधही असतं, त्याने लघवी लालसर होते, ते रक्त नसतं. पाठीतल्या इंजेक्शनला आईबाप फार घाबरतात पण ते ह्यासाठी की शिरेतली बरीच औषधं मेंदूपर्यंत पुरेशी पोचत नाहीत आणि कॅन्सरच्या पेशी तिथे जाऊन लपतात. पूर्वी मुलांना रेमिशन यायचं आणि मग काही महिन्यांनी आजार थेट मेंदूच्या पाण्यात उगवायचा. १९६० च्या दशकात अमेरिकेत सेंट ज्यूड हॉस्पिटलात डॉ. डोनाल्ड पिंकेल आणि त्यांच्या टीमने मेंदूची वेगळी ट्रीटमेंट आणि लांबलचक औषधं हे सगळं एकत्र जोडलं तेव्हा कुठे मुलं खरोखर बरी व्हायला लागली. आजचे टप्पे तिथून आलेत.

बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रीटमेंटच्या ठरलेल्या आराखड्यांमध्ये, पहिले ७ दिवस मुख्यतः स्टिरॉइड देऊन आठव्या दिवशी रक्त बघतात. ब्लास्ट १००० च्या खाली आले तर औषध ऐकतंय असं समजतात. त्या पहिल्या आठवड्यात पेशी एकदम फुटतात, त्यांचा कचरा किडनीवर येतो, म्हणून भरपूर सलाईन, युरिक अ‍ॅसिडची गोळी आणि सारख्या रक्ताच्या टेस्ट. मग स्टिरॉइडने पोराला भूक अशी लागते की रात्री दोन वाजता उठून भात मागतं, चेहरा गोल होतो, स्वभाव एकदम चिडका होतो, आईला मारतं सुद्धा. हे औषध आहे, पोर बिघडलं नाही, स्टिरॉइड थांबलं की हळूहळू जातं. ह्या काळात सुकट, लोणचं, पापड बंद ठेवा, मिठाने बीपी वाढतं, आणि साखरही वाढू शकते. ताजा मासा नीट शिजवून दिला तर चालतो, उघड्यावरचं आणि कच्चं नको. विनक्रिस्टीनने संडास घट्ट होते, जबडा दुखतो, पाय थोडे फेंगडे पडतात, तेव्हा पोट साफ राहायचं औषध रोज द्या आणि एनिमा स्वतःच्या मनाने अजिबात नको. अ‍ॅस्पॅरॅजिनेज चालू असताना पोटात वरच्या भागात जोरात दुखून उलट्या, किंवा डोकं भयंकर दुखून झटका, असं काही झालं तर ते गॅस समजून बसू नका, स्वादुपिंडाला सूज किंवा मेंदूत रक्ताची गाठ असू शकते, लगेच कळवा.

पण इंडक्शनमध्ये मुलं सगळ्यात जास्त ज्याने जातात ते इन्फेक्शन आहे, कॅन्सर नव्हे. आणि इथे कोकणातल्या माणसाला जास्त सांभाळायला लागतं कारण हॉस्पिटल लांब. सीबीसीवरून एक आकडा काढायला शिका, ए.एन.सी. म्हणतात. पांढऱ्या पेशी १६०० आणि त्यात न्यूट्रोफिल २० टक्के, तर १६०० चे २० टक्के म्हणजे ३२०. हा आकडा ५०० च्या खाली असला की मुलाकडे जंतूंशी लढायला जवळजवळ कोणीच नाही. अशा वेळी ताप एकदा १०१ आला किंवा १००.४ तासभर टिकला तर ते इमर्जन्सी आहे, आणि पोचल्यापासून साधारण तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. उद्या सकाळी बघू, क्रोसिन देऊन उतरतोय का बघू, काढा देऊ, ह्यातलं काहीच नको. क्रोसिनने आकडा खाली येतो, जंतू तसेच राहतात आणि आपण चार तास गमावतो. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन तर नाहीच, प्लेटलेट कमी असताना रक्तस्राव होईल. आणि स्टिरॉइड चालू असताना ताप न येताही इन्फेक्शन असू शकतं, मूल एकदम सुस्त, हातपाय थंड, लघवी कमी, एवढं दिसलं तरी निघायचं.

निघायचं कुठे? चिपळूणहून मुंबई रस्त्याने सहा-सात तास, पावसात घाटात दरड आली तर देवच जाणे, पावसाळ्यात गाड्यांचं टाईमटेबलही वेगळं. म्हणून इंडक्शनभर शक्यतो मुंबईतच हॉस्पिटलजवळ राहावं असं माझं ठाम मत आहे, पैशाचा प्रश्न असेल तर सेंट ज्यूड्सची मुलांसाठीची राहायची केंद्रं आहेत, दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, आणि हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जाऊन महात्मा फुले योजनेचं विचारा. सिंधुदुर्गातले काही जण गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातात, ते जवळ पडतं. गावी गेलात तर मोठ्या हॉस्पिटलकडून एक पत्र घेऊन ठेवा ज्यात लिहिलेलं असेल की हे मूल कीमोवर आहे, ताप असला तर लगेच रक्ताचं कल्चर घ्या आणि अमुक अँटिबायोटिकचा पहिला डोस द्या. ते पत्र घेऊन आधी जवळच्या जिल्हा किंवा बऱ्यापैकी हॉस्पिटलात पहिला डोस घ्यायचा, तिथूनच मुंबईला फोन, आणि मग गाडी. थेट मुंबईची गाडी धरून सात तास विना अँटिबायोटिक प्रवास करणं ही माझ्या डोळ्यासमोर झालेली सगळ्यात महाग चूक आहे.

छकुलीच्या ३५ व्या दिवशी बोन मॅरो होतो. मायक्रोस्कोपखाली ब्लास्ट ५ टक्क्यांच्या खाली म्हणजे रेमिशन. पण मायक्रोस्कोपचा डोळा तेवढाच. म्हणून सोबत एम.आर.डी. नावाची टेस्ट असते जी दहा हजार चांगल्या पेशींत लपलेली एक वाईट पेशीही शोधते. छकुलीचा एम.आर.डी. ०.०१ टक्क्याच्या खाली आला, म्हणजे निगेटिव्ह, उत्तम. आता गणित करा. लाख कोटीतून ९९ टक्के गेले तरी हजार कोटी उरतात. ०.०१ टक्का म्हणजेही दहा कोटी पेशी असू शकतात आणि टेस्ट मात्र निगेटिव्हच म्हणेल. भातात बेणणी करून शेत स्वच्छ दिसलं तरी तणाचं बी मातीत असतंच, पुढचा पाऊस पडला की परत उगवतं, तसं आहे हे. एम.आर.डी. पॉझिटिव्ह राहिला तर मूल गेलं असं नव्हे, त्याची ट्रीटमेंट वरच्या गटात सरकते, कधीकधी बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विचार होतो. म्हणून हा रिपोर्ट काय आला ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि वहीत लिहून ठेवा.

पुढचे मधले तीन टप्पे मी थोडक्यात उरकते कारण आईबापांना त्यात करायचं काम तेच असतं, ताप आणि तोंडातली जखम सांभाळायची. कन्सॉलिडेशन साधारण ८ आठवडे, औषधं बदलतात, सायक्लोफॉस्फमाईड, सायटॅरॅबिन, सिक्स-एमपी, पाठीतली इंजेक्शनंही चालू. बदलायचं कारण असं की एकाच औषधाला तरलेल्या पेशींवर दुसऱ्या बाजूने हल्ला व्हावा. मग इंटरिम मेंटेनन्स, त्यात काहींना अ‍ॅडमिट करून मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस देतात आणि नंतर वेळेवर ल्युकोव्होरिन देऊन चांगल्या पेशींना वाचवतात, त्या वेळा घड्याळावर पाळाव्याच लागतात. आणि मग डिलेड इंटेन्सिफिकेशन, म्हणजे इंडक्शनसारखंच सगळं पुन्हा एकदा थोडं बदलून. इथे लोक खचतात, कारण केस परत यायला लागलेले असतात ते पुन्हा जातात, काउंट पुन्हा पडतात, आणि वाटतं आजार परत आला म्हणून हे चाललंय. तसं नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं, आणि हा टप्पा जोडल्यामुळे आजार उलटण्याचं प्रमाण कमी झालं हे मोठ्या अभ्यासांत दिसलंय. काउंट पडले म्हणून मध्ये आठवडाभर थांबावं लागलं तर घाबरू नका, प्रत्येकाचं थोडंफार मागेपुढे होतं.

आता मेंटेनन्स, साधारण ९६ आठवडे. ह्या टप्प्यात हॉस्पिटल कमी होतं आणि जबाबदारी घरात येते. केस येतात, पोर बालवाडीत जातं, गणपतीत नाचतं, आणि इथेच आपण सैल होतो. कॅन्सरच्या काही पेशी झोपलेल्या असतात, फार सावकाश विभागतात, आणि सिक्स-एमपी आणि मेथोट्रेक्सेट पेशी विभागताना मारतात, झोपलेलीला नाही. ती कधी जागी होईल माहीत नाही, म्हणून औषध सतत अंगात हवं. जपानात टोकियोच्या गटाने १९९० च्या दशकात एकूण ट्रीटमेंट एका वर्षात आटोपून बघितली, आणि आजार उलटलेल्या मुलांचं प्रमाण इतकं वाढलं की तो मार्ग सोडून द्यावा लागला. बरीच मुलं तेवढ्यातही बरी झाली हे खरं, पण आपलं मूल त्यातलं आहे का हे आधी ओळखता येत नव्हतं.

छकुलीचा डोस करून दाखवते, म्हणजे वहीत कसा लिहायचा ते कळेल. वजन १५ किलो, उंची १०० सेंटिमीटर, अंगाचं क्षेत्रफळ सुमारे ०.६५ चौरस मीटर. सिक्स-एमपी ६० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर धरलं तर रोज ३९, म्हणजे आठवड्याला २७३. गोळी ५० ची, म्हणून आठवड्याला साडेपाच गोळ्या: सोमवार ते गुरुवार एक एक, शुक्र शनि रवि अर्धी अर्धी. मेथोट्रेक्सेट २० प्रति चौरस मीटर म्हणजे १३, गोळी अडीचची, तर पाच गोळ्या, आठवड्यातून एकदाच, एकच वार ठरवून. ह्यात रोज शब्द चुकून घुसला तर मूल दगावू शकतं, हे मी वाढवून सांगत नाहीये. म्हणून मेथोट्रेक्सेटचा डबा वेगळा ठेवा, आणि मेडिकलवाल्याने पुडीवर काय लिहिलंय ते स्वतः वाचा. तुमच्या मुलाचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांच्या कागदावरचाच, वजन वाढलं की तो बदलतो. सोबत आठवड्यातून ठरलेले दोन दिवस सेप्ट्रान, ती साधी वाटते पण एका वाईट न्यूमोनियापासून तीच वाचवते, आणि साधारण १२ आठवड्यांनी पाठीतलं इंजेक्शन.

सिक्स-एमपी दुधासोबत नको, रात्रीच द्या असं पूर्वी फार कडक सांगायचे, नंतरच्या अभ्यासात त्याने फारसा फरक दिसला नाही. फरक पडतो तो गोळी चुकण्याने. अमेरिकेत मुलांच्या गोळ्यांच्या बाटलीला चिप लावून मोजलं तेव्हा ज्यांनी ९५ टक्क्यांपेक्षा कमी दिवस गोळ्या घेतल्या त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका अडीच पटीच्या आसपास दिसला. ९५ टक्के म्हणजे महिन्याला जेमतेम दीड दिवस चुकायची मुभा. शिमग्याला गावभर फिरताना दोन दिवस, लग्नाला दोन दिवस, गोळ्या संपल्या आणि मुंबईला जायला आठवडा लागला, झालं. म्हणून गोळ्या पंधरा दिवस आधीच आणून ठेवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा, मनात ठेवू नका. उलटी झाली तर लगेच दुसरी देऊ नका, किती वेळाने झाली ते सांगून विचारा.

मेंटेनन्समध्ये काउंट मुद्दाम थोडे खाली ठेवतात, ए.एन.सी. साधारण ५०० ते १५०० च्या मध्ये. महिनोन्महिने ३००० च्या वर असेल तर डोस कमी पडतोय किंवा गोळ्या चुकतायत, डॉक्टर तेव्हा विचारतील, खरं सांगा, ते रागावले तरी. उलट अगदी थोड्या डोसने काउंट एकदम तळाला गेले तर एन.यू.डी.टी.१५ किंवा टी.पी.एम.टी. ह्या जनुकांमुळे असू शकतं, पहिल्याचा बदल आपल्याकडच्या लोकांत बऱ्यापैकी आढळतो, मग डोस कमी करून चालवतात. आणि लिव्हरचे आकडे वाढतात, डोळे जरा पिवळे दिसले की आपल्याकडे लगेच काविळीचं गावठी औषध काढतात, कोणी नाकात थेंब घालतं, कोणी पाला वाटून देतं. कळकळीने सांगते, ते नको. डोळे पिवळे दिसले तर डॉक्टरांना कळवा, आकडे बघून गोळ्या थोड्या थांबवायच्या का ते तेच ठरवतील, पण त्यात पाल्याचा रस गेला तर कशाने काय झालं हे कोणालाच कळणार नाही. देवाला गाऱ्हाणं घाला, नवस बोला, पोटात काही द्यायचं असेल तर आधी विचारा.

वाडीत कोणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला आणि छकुली त्या मुलासोबत खेळली असेल तर पुरळ येण्याची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा, ठराविक वेळेच्या आत दिलं तरच बचावाचं औषध उपयोगी पडतं. पोलिओचे थेंब तिला आणि घरातल्या भावंडालाही नकोत, भावंडाला इंजेक्शनवाला पोलिओ द्या, त्याच्या बाकीच्या लसी मात्र चुकवू नका.

आधी मुलग्यांना मुलींपेक्षा वर्षभर जास्त मेंटेनन्स असायचा, आता बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये दोघांना सारखाच आहे, तुमचा कुठला ते विचारा. मुलगा असेल तर अंघोळ घालताना अंडकोषाला न दुखणारी सूज येतेय का तेही बघत जा. गोळ्या बंद झाल्यावर आजार उलटण्याची भीती पहिल्या दोनेक वर्षांत जास्त असते, म्हणून सुरुवातीला दर महिन्याला किंवा दोन महिन्यांनी सीबीसी आणि तपासणी, पुढे अंतर वाढतं. सेप्ट्रान अजून काही महिने चालू राहते. केमोमुळे जुन्या लसींचा परिणाम पुसट झालेला असतो, तेव्हा ट्रीटमेंट संपल्यावर साधारण ६ महिन्यांनी लसी पुन्हा सुरू करतात, गोवराची सुद्धा, तेव्हा ते जुनं लसीचं कार्ड फेकून देऊ नका.